पिंपळाच्या पारावर थांबते

शनिवारची गोष्ट. आमच्या शाळेत शनिवारी सकाळची शाळा असते. साडेसातला परिपाठ, आणि अकराच्या सुमारास सुट्टी. त्या शनिवारी साडेदहाला मी चौथीच्या वर्गात फळ्यावर गणित लिहीत होते. सहज दाराकडे बघितलं, तर गुरुवारी दाखल झालेला मुलगा उंबऱ्याबाहेर उभा. अंघोळ केलेली, केसांना तेल लावलेलं, दप्तर पाठीला. तो त्याच्या हिशेबानं वेळेच्या आधी आला होता. ये, बस म्हटलं. तो बसला, वही काढली, तारीख लिहिली, आणि थोड्याच वेळात लांब टोल पडला. सगळी पोरं दप्तरं उचलून पळाली. तो वही उघडी ठेवून बसून राहिला.

त्याच्या गावाकडे तांड्यावरची दोन शिक्षकांची शाळा होती. शिक्षक एसटीनं यायचे, त्यामुळे शनिवारीसुद्धा ती दहालाच भरायची आणि दुपारी सुटायची. हे मला नंतर कळलं. आमच्याकडे शनिवार सकाळचा असतो, हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. आम्हा सगळ्यांना ते इतकं ठाऊक होतं की सांगायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. पुढच्या शनिवारी तो आलाच नाही.

मी कृष्णाकाठच्या, साखर कारखान्याला लागून असलेल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. तिथं दरवर्षी दिवाळीच्या पुढे-मागे गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कारखान्याच्या तळावर कोप्या उभ्या राहतात, बैलगाड्या लागतात, आणि आठ-पंधरा दिवसांत शाळेच्या दारात नवी मुलं दिसू लागतात. कोणी पंधरा दिवस राहतं, कोणी पाडव्यापर्यंत. टोळीचा फड बदलला की मूलही जातं.

दाखल करून घेण्यात अडचण नसते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ती वाट मोकळी करून ठेवली आहे. वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलालाही नाकारायचं नाही, दाखला यायला उशीर झाला म्हणून थांबवायचं नाही, आणि वयाला साजेशा वर्गात बसवायचं. हजेरीपटावर नाव चढवायला पाच मिनिटं लागतात. पण जूनमध्ये जे आपोआप घडतं ते नोव्हेंबरमध्ये घडत नाही. जूनमध्ये प्रवेशोत्सव असतो. दाराला तोरण, हातात फूल, नवी पुस्तकं, गोड खाऊ. त्या दिवशी सगळेच थोडे थोडे नवे असतात. कोण कुठं बसणार हे कोणालाच माहीत नसतं, आणि ते ठरवता ठरवता ओळखी होतात. नोव्हेंबरपर्यंत पहिलं सत्र संपून परीक्षाही झालेली असते. बाकावरच्या जागा, डबा कोणाबरोबर खायचा, खोखोत कोण कोणाच्या बाजूचं, कुठल्या बाईंना काय चालतं, हे सारं ठरून गेलेलं असतं. नवं मूल या ठरलेल्या वर्गात एकटं नवं असतं.

त्या दोन शनिवारांनंतर मी वर्गाला सांगितलं, आपल्याकडे नवीन आलेल्या मुलाला प्रत्येकानं एक चिठ्ठी लिहा. त्याचं स्वागत करा आणि शाळा दाखवतो म्हणून सांगा.

एकतीस चिठ्ठ्या आल्या. मी त्या घरी नेऊन रात्री वाचल्या. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांत "पत्रास कारण की" होतं. "मी इकडे खुशाल आहे, तूही तिकडे खुशाल असशील अशी आशा करतो" हेही होतं, आणि ज्याला लिहायचं तो लिहिणाऱ्याच्या दोन हातांवर बसलेला होता. शेवटी "कळावे, लोभ असावा" आणि "घरातील मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद". मुलांचा यात दोष नव्हता. पत्र म्हणून आम्ही त्यांना हाच साचा शिकवला होता. साचा लांबच्या माणसासाठी आहे, ज्याची खुशाली कळत नाही अशा माणसासाठी. शेजारच्या रांगेत बसलेल्या मुलाला त्यातून काहीच मिळत नाही. मायना आणि शेवट काढून टाकला तर मधे एखादंच वाक्य उरत होतं, "आमची शाळा खूप छान आहे."

उरलेल्या चिठ्ठ्यांत प्रश्न होते. तुझं गाव कुठलं, तुझे वडील काय करतात, तुम्ही इकडे का आलात, परत कधी जाणार. पोरांनी हे आपुलकीनं विचारलं होतं. पण ते वाचताना मला तो मुलगा दिसत होता. त्याच्या आई-वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली होती, ती फिटेपर्यंत तोड करायची होती. परत कधी जाणार हे त्यालाही ठाऊक नव्हतं, त्याच्या आईलाही नव्हतं. स्वागताच्या चिठ्ठीतला पहिलाच प्रश्न उत्तर देता न येण्यासारखा असेल, तर ती चिठ्ठी घेऊन मूल काय करणार? तो नुसता मान खाली घालेल, आणि पोरं म्हणतील की तो बोलतच नाही.

आणि जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीत एक वाक्य होतं: "काही लागलं तर सांग." मोठी माणसंही हेच म्हणतात. सोमवारी मी वर्गाला विचारलं, "समजा तुम्ही आज पहिल्यांदाच या शाळेत आलात. तुम्हाला काय लागेल?" हात वर झाले. पेन्सिल, खोडरबर, पुस्तक. मग मी म्हटलं, "शनिवारी तो साडेदहाला आला. त्याला काय लागत होतं?" वर्ग गप्प झाला. खिडकीजवळच्या रांगेतली एक मुलगी सावकाश म्हणाली, "त्याला माहीतच नव्हतं की त्याला काय लागतंय."

तिनं नेमकी गोष्ट सांगितली. जे माहीत नाही ते विचारता येत नाही, आणि "काही लागलं तर सांग" म्हटलं की सगळं ओझं नव्या माणसावरच पडतं. मग मी वर्गाला वेगळं काम दिलं. आज दिवसभर आपण शाळेत काय काय करतो ते बघा, आणि त्यातलं जे तुम्हाला कोणी सांगावं लागत नाही, ते लिहून आणा.

ही यादी वाचताना मला फार आनंद झाला, आणि थोडा खेदही, कारण त्यातल्या कितीतरी गोष्टी मलाच माहीत नव्हत्या. पाण्याच्या टाकीला चार नळ आहेत, त्यातला पहिला बंद आणि उजवीकडून तिसऱ्याला पाणी जोरात येतं. दोन टोल पडले की छोटी सुट्टी आणि लांब टोल पडला की मोठी, पण दिवसाचा शेवटचा लांब टोल मात्र घरी जायचा. चपला पायरीवर काढायच्या नाहीत, भिंतीच्या कडेनं लावायच्या, नाहीतर सातवीची मुलं त्या लाथेनं उडवतात. मुलांच्या मुतारीचं दार आतून लागत नाही, म्हणून एकानं बाहेर उभं राहायचं. आणि खिचडीसाठी ताट घरून आणायचं.

ताटाचं वाचून मी थांबले. तो मुलगा दाखल झाल्यापासून मोठ्या सुट्टीत जेवायला बसत नव्हता. मी एकदा विचारलं होतं, तेव्हा "भूक नाही" म्हणाला होता. त्याच्या तांड्यावरच्या शाळेत ताटं शाळेचीच होती. इथं पोरं आपापली ताटं दप्तरातून काढून रांगेत उभी राहिलेली त्यानं बघितली आणि तो मागे सरला. त्याचे आई-वडील पहाटे तीन-साडेतीनला फडावर जायचे. म्हणजे पहाटेची भाकरी खाऊन तो दुपारपर्यंत तसाच राहत होता, आणि दहा पावलांवर गरम खिचडी वाढली जात होती.

खिडकीजवळच्या त्या मुलीनं मग जी चिठ्ठी लिहिली, ती मी उतरवून ठेवली आहे. सुरुवातीला त्याचं नाव होतं, ते इथं देत नाही. पण नावाचीही एक गोष्ट आहे. हजेरीपटावर त्याचं एक नाव होतं आणि तळावर त्याला सगळे दुसऱ्याच नावानं हाक मारायचे. वर्गात नाव पुकारलं की तो क्षणभर उशिरा "हजर" म्हणायचा. या मुलीनं त्याच्या धाकट्या भावाला विचारून घरातलं नाव काढून घेतलं होतं आणि चिठ्ठीत ते लिहिलं होतं. पुढची चिठ्ठी अशी:

"तू आमच्या वर्गात आलास, मला बरं वाटलं. मी खिडकीजवळ दुसऱ्या रांगेत बसते. माझ्या वेण्यांना लाल रिबिनी असतात.

शनिवारी शाळा सकाळी साडेसातला भरते. अकराला सुटते.

पाणी तिसऱ्या नळाचं घे.

दोन टोल म्हणजे छोटी सुट्टी. लांब टोल म्हणजे जेवण.

खिचडीला ताट घरून आणायचं असतं. नसलं तर माझ्या डब्याचं झाकण मोठं आहे, ते तू घे. मी डब्यात खाते.

गणितात भागाकार चालू आहे. तो आम्हाला पण नीट येत नाही.

उद्या छोट्या सुट्टीत मी आणि माझा चुलतभाऊ पिंपळाच्या पारावर थांबतो. तुला सगळी शाळा दाखवतो. धाकट्या भावाला आण. उद्या नको वाटलं तर परवा पण आम्ही तिथेच थांबतो."

खाली तिनं शाळेचा नकाशा काढला होता. फाटक, पिंपळ, पार, टाकी, स्वयंपाकाची खोली, मुतारी, अंगणवाडी. फाटकापासून पारापर्यंत पावलांच्या खुणा होत्या.

शिक्षक म्हणून मी कित्येक निबंध तपासले, पण इतकं जाणतं लिखाण मला क्वचितच मिळालं. बघा, यात एकही प्रश्न नाही. त्याला उत्तर द्यावं लागत नाही, काही सिद्ध करावं लागत नाही. शाळा छान आहे असंही ती म्हणत नाही. कुठला नळ ते सांगते. ताट आणायचं असतं हे सांगून ती थांबत नाही, कारण ताट नसेल तर ते वाक्य त्याला लागलं असतं. लगेच झाकणाची सोय लावते आणि मी डब्यात खाते म्हणते, म्हणजे तो कोणाचं काही हिरावून घेत नाही हेही सांगून टाकते. भागाकाराच्या ओळीतून त्याला दोन गोष्टी कळतात: वर्ग कुठवर आला आहे, आणि आपण एकटेच मागे नाही.

आणि दाखवायला नेण्याचं वाक्य. आधीच्या चिठ्ठ्यांत "मी तुला शाळा दाखवीन" असं होतं. कधी, ते नव्हतं. अशा वाक्यावर नवं मूल काही करू शकत नाही, कारण त्याला पुन्हा जाऊन विचारावं लागतं की आज दाखवतोस का. इथं दिवस आहे, सुट्टी कुठली ते आहे, जागा आहे, कोण असणार तेही आहे. त्यानं पारापर्यंत चालत जायचं एवढंच उरतं. न गेला तरी परवाची सोय आहे, त्यामुळे नाही म्हणणंही अवघड नाही. मी पुढे जितक्या वर्गांना ही चिठ्ठी लिहायला लावली, तितक्या वेळा या एका वाक्यावरच सर्वात जास्त वेळ दिला.

धाकटा भाऊ का, हे ऊसतोडीच्या गावाबाहेरच्या वाचकाला कदाचित लक्षात येणार नाही. आई-बाप फडावर गेले की तळावर लहानग्यांना सांभाळणारं कोणी नसतं. मोठं भावंड शाळेत येतं ते धाकट्याला घेऊनच, नाहीतर येतच नाही. वर्गात ते लहानगं मांडीला चिकटून बसतं, पेंगतं, रडतं, आणि मग थोरलं भावंड खजील होऊन दुसऱ्या दिवशी घरीच थांबतं. आमच्या शाळेला लागूनच अंगणवाडी होती. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथं बसता येतं, खायलाही मिळतं. मी हे त्या मुलाच्या आईला सांगितलं होतं, पण आईला दिवसा यायला जमत नव्हतं आणि मुलाला एकट्यानं अंगणवाडीच्या ताईंपुढे जायचा धीर नव्हता. नकाशात त्या मुलीनं अंगणवाडी काढली आणि तिच्या दारात एक छोटं मूल काढलं. ते त्याला कळलं.

नकाशाचं आणखी एक कारण होतं. त्याच्या घरी गोरमाटी बोलत. मराठी त्याला समजायची आणि बोलताही यायची, पण वाचताना तो अक्षराअक्षरावर थांबायचा. मागच्या दोन वर्षांत हंगामाचे महिने त्याची शाळा बुडाली होती. मोठ्या, जोडाक्षरांनी भरलेल्या चिठ्ठीपुढे तो हरला असता. म्हणून आम्ही चिठ्ठीची वाक्यं तोडून लहान केली, अक्षर ठसठशीत ठेवलं. स्वागताची चिठ्ठी ही त्या मुलाची वाचनाची परीक्षा होता कामा नये.

ती पोहोचवायची कशी, यात मी एकदा मोठी चूक केली होती. आधीच्या एका वर्षी दुसऱ्या मुलीसाठी मी अशीच चिठ्ठी लिहून घेतली आणि कौतुकानं तिला फळ्याजवळ उभं करून सगळ्या वर्गासमोर मोठ्यानं वाचून दाखवली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ती मुलगी पदराचं टोक चावावं तशी ओढणी तोंडात धरून उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या बाकावर जाऊन बसली. स्वागत तिचं झालं नव्हतं, तिची ओळखपरेड झाली होती. तेव्हापासून नियम केला. चिठ्ठी ज्यानं लिहिली त्यानंच हातात द्यायची, सुट्टीच्या आधी, हळूच, आणि शिक्षकानं तिकडे बघायचंसुद्धा नाही. वाचता येत नसेल तर लिहिणाऱ्यानं शेजारी बसून बोट ठेवून वाचून दाखवायची.

या मुलीनं तसंच केलं. तिनं चिठ्ठी वाचली, त्यानं नकाशावर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दोन टोल पडले. मी वर्गाच्या खिडकीतून बघत होते, हे कबूल करते. पारावर ती आणि तिचा चुलतभाऊ उभे होते, पण त्यांच्या मागे आणखी सात-आठ पोरं जमली होती. सगळ्यांनाच शाळा दाखवायची होती. तो भावाचा हात धरून वर्गाच्या दारापर्यंत आला, घोळका बघितला आणि आत वळला. मला बाहेर जाऊन ओरडावंसं वाटलं, पण गेले नाही. पोरांनाच कळलं. मुलीनं बाकीच्यांना पिटाळलं. दाखवायला दोघंच हवीत, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. एक चिठ्ठी लिहिणारं, आणि दुसरं असं की जिथं पहिलं जाऊ शकत नाही तिथं ते जाईल. मुतारीच्या दाराशी उभं राहायला चुलतभाऊच लागणार होता.

तिसऱ्या दिवशी तो आला. आधी टाकी. तिनं पहिला नळ फिरवून दाखवला, पाणी आलं नाही. तिसरा फिरवला, आलं. त्यानं स्वतः फिरवून बघितला आणि ओंजळ धरून प्यायला. मग मुतारी, मग स्वयंपाकाची खोली. तिथल्या मावशींना ती म्हणाली, "मावशी, हा आमच्या वर्गातला." नवीन आहे, ऊसतोडीवाल्यांचा आहे, असं तिनं म्हटलं नाही. मग अंगणवाडी. भाऊ दारातल्या रंगीत चाकाच्या गाडीकडे बघत राहिला आणि हात सोडून आत गेला. छोटी सुट्टी दहा मिनिटांची असते. तेवढ्यात एवढंच झालं, आणि ते पुरेसं होतं. ग्रंथालयाची पेटी, क्रीडांगणाची मागची बाजू, कार्यालय, हे सगळं एका दमात दाखवलं असतं तर त्यातलं काहीच राहिलं नसतं.

दुसऱ्या फेरीची कल्पना चुलतभावाची. तो म्हणाला, "आज तू आम्हाला दाखव." मग तो पुढे आणि हे दोघं मागे. टाकीपाशी त्यानं तिसरा नळ दाखवला. मुतारीकडे वळायचं विसरला, तेव्हा ते त्याला पुन्हा सांगितलं गेलं. दाखवलेलं आणि लक्षात राहिलेलं यांत फरक असतो, आणि तो फक्त त्यालाच पुढे चालायला दिलं की कळतो. पुढच्या वर्षांत मी ही दुसरी फेरी कधी चुकवली नाही.

हे सगळं लागू पडलं की नाही हे ओळखायचं कसं? मी आधी चेहरा बघायची. मूल हसतंय, तर ठीक. पण नवी मुलं हसतात ते बऱ्याचदा भीतीनं. नंतर मी तीन गोष्टी बघू लागले. छोट्या सुट्टीत ते कोणाला न विचारता पाण्याला आणि लघवीला जातं का. पुष्कळ मुलं पहिले काही दिवस दोन्हीही दाबून ठेवतात, आणि दुपारी पोट दुखतं म्हणतात. दुसरं, जेवणाच्या रांगेत ते दिसतं का. आणि तिसरं, शनिवारी वेळेवर येतं का. पहिल्या दोन गोष्टी तीन-चार दिवसांत दिसतात, तिसरीला आठवडा लागतो.

तो झाकणात जेवला. दोन दिवस झाकण, आणि तिसऱ्या दिवशी त्यानं घरून जर्मनचं ताट आणलं, काठाला चेपलेलं. शनिवारी मी सव्वासातला शाळेत पोहोचले तेव्हा तो भावाला घेऊन फाटकावर बसला होता. कुलूप उघडायला शिपाईसुद्धा आला नव्हता.

चिठ्ठीनं काय होत नाही, तेही सांगायला हवं. त्याचा भागाकार चिठ्ठीनं आला नाही. त्याला हातच्याची वजाबाकीच पक्की येत नव्हती, त्यामुळे भागाकार वरून शिकवून उपयोग नव्हता. त्यासाठी मला रोज परिपाठाआधी अर्धा तास बसावं लागलं, काड्यांचे गठ्ठे घेऊन, आणि तरीही ते अपुरं पडलं. फडावर माणूस कमी असला की तो शाळेऐवजी वाढं गोळा करायला जायचा, तेव्हाही चिठ्ठी काही करू शकत नव्हती. त्याच्या आईशी बोलायला मी अंधार पडल्यावर तळावर जायची. ती चुलीपुढे बसून ऐकायची, हो म्हणायची, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा दोन दिवस गैरहजेरी. त्या बाईला मी दोष देऊ शकत नाही. राज्यात अशा मुलांना गावीच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत, स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, म्हणजे ज्या गावी जाईल तिथल्या शाळेला ते मूल कुठवर शिकलंय हे कळावं. या मुलाकडे ते कार्ड नव्हतं. गावच्या शाळेत फोन करून मी त्याची माहिती विचारून घेतली. ज्या शिक्षकांना हे वाचून उपयोग होईल त्यांना सांगते, कार्डाची वाट बघत बसू नका, फोन करा. जे पाच मिनिटांच्या बोलण्यात कळतं ते कागदावर नसतं. तो चित्रं सुंदर काढतो, हे मला त्या फोनवरच कळलं.

चिठ्ठीला एक मुदतही असते. पहिल्या आठवड्यात ती मिळाली तर तिचा उपयोग, पुढे ती उरत नाही, कारण तोवर मूल काहीतरी स्वतःच ठरवून बसतं. पाण्याशिवाय राहायचं, मागच्या बाकावर बसायचं, शनिवारी यायचंच नाही. ते ठरवणं मोडायला चिठ्ठीपेक्षा बरंच जास्त लागतं. म्हणून पुढे आम्ही दिवाळीची सुट्टी संपल्याबरोबर, कोणी यायच्या आधीच, यादी ताजी करून ठेवायचो. दरवर्षी काहीतरी बदललेलं असायचं. एका वर्षी तिसराच नळ बंद पडला.

तो मुलगा फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत आमच्याकडे होता. ऊस आटपत आला, टोळी पलीकडच्या तालुक्यात हलणार असं कानावर आलं. त्याच सुमारास एका सकाळी त्यानं खिडकीजवळच्या रांगेत जाऊन त्या मुलीच्या वहीवर एक घडी केलेला कागद ठेवला. तिचीच जुनी चिठ्ठी होती ती, घड्यांवर फाटायला आलेली, आणि मागच्या कोऱ्या बाजूला त्यानं तळाचा नकाशा काढला होता. कारखान्याची चिमणी, वजनकाटा, गाड्यांची रांग, कोप्या. एका कोपीवर फुली. कोपीपुढे दोन बैल, अगदी शिंगांच्या वळणासकट, आणि त्यांच्याखाली नावं: सर्ज्या, राजा. पाण्याच्या टँकरला बाण काढून लिहिलं होतं, इथं चिखल आहे, चप्पल हातात घ्या.

खाली तीन ओळी होत्या. रविवारी या. चार वाजायच्या आत या, मग गाड्या येतात आणि बैल दमलेले असतात. मी वजनकाट्यापाशी थांबतो.